वीस केबीत मावणारा चेहरा

मी तुमच्यासारखीच बचत गटातली बाई आहे. गेली काही वर्षं गावात कुणाचाही ऑनलाइन फॉर्म अडला की माझ्या ओसरीवर येतो. मी संगणकाचा कोर्स केलेला नाही. फॉर्म भरता भरता चुकले आणि चुकता चुकता शिकले. आज त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, ती म्हणजे फोटो. पासपोर्ट साइजचा, आपल्या चेहऱ्याचा साधा फोटो. सगळा फॉर्म भरून होतो, कागद चढतात आणि गाडी अडते ती या फोटोवर.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. आईच्या नावाने अर्ज करायचा होता आणि शेवटच्या तारखेला नऊ दिवस होते. ताईंनी तालुक्याला जाऊन फोटो काढून आणला. फोटो चांगला होता. पण अर्जावर टाकला की लाल अक्षरात सूचना यायची की फाइल मोठी आहे. मग एका दुकानात त्यांनी तो ‘लहान’ करून घेतला. दुकानदाराने दोन मिनिटांत केला, दहा रुपये घेतले, फोटो चढला, अर्ज गेला. पाचव्या दिवशी अर्ज परत आला. शेरा काय, तर फोटो अस्पष्ट आहे.

ताई माझ्याकडे आल्या त्या रडवेल्या होऊन. मला म्हणाल्या, “अगं, मोठा ठेवला तर घेत नाही, बारीक केला तर दिसत नाही. मग करायचं काय माणसाने?”

मी त्यांच्या मोबाइलवर तो फोटो उघडला. चेहरा होता, पण जणू काचेच्या विटांच्या भिंतीपलीकडून पाहावा तसा. गालावर चौकोन पडलेले, डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग, केसांच्या कडेला धुरकट रेघा. आणि गंमत म्हणजे फोटो बोटांनी मोठा करावा तेवढा मोठा होत होता. मला तिथेच कळलं की दुकानदाराने काय केलं होतं. त्याने फोटो हलका केला होता, पण लहान केलाच नव्हता.

हे नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

मोबाइलमधला फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आपल्या साध्या मोबाइलने काढलेल्या फोटोत आडवे तीन हजार आणि उभे चार हजार ठिपके सहज असतात. गुणाकार केला तर एक कोटी वीस लाख ठिपके झाले. हे झालं फोटोचं माप. दुसरी गोष्ट म्हणजे वजन, म्हणजे ती फाइल मोबाइलमध्ये किती जागा खाते ते. ते केबी आणि एमबीमध्ये सांगतात. एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी. तुमच्या मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, म्हणजे तीन-चार हजार केबी. आणि फॉर्म मागतो वीस केबी.

आता भाकरीचं उदाहरण घ्या. पिठाचा गोळा ठरलेला आहे, मूठभर. त्याची तळहाताएवढी भाकरी थापली तर ती चांगली जाड, अखंड होते. त्याच गोळ्याची परातीएवढी भाकरी थापायला गेलात तर ती मध्येच विरते, फाटते. वीस केबी हा तो पिठाचा गोळा आहे. तो वाढवून मिळणार नाही. पण भाकरी केवढी थापायची ते आपल्या हातात आहे. दुकानदाराने वीस केबीच्या गोळ्यात परातीएवढी भाकरी थापली होती.

त्या फोटोचं माप मी मोबाइलमध्ये पाहिलं. गॅलरीत फोटो उघडून वर सरकवला, किंवा तीन टिंबं दाबून तपशील उघडला, की माप आणि वजन दोन्ही दिसतं. माप होतं १४०० बाय १८००, म्हणजे पंचवीस लाख ठिपके. वजन १९ केबी. इतक्या ठिपक्यांना इतकं थोडं पीठ दिलं तर मोबाइल काय करणार? जेपीईजी प्रकारच्या फोटोत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडलेले असतात, आणि जागा वाचवायची झाली की प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील टाकून दिला जातो. थोडा टाकला तर डोळ्याला कळत नाही. फारच टाकला तर प्रत्येक चौकोन जवळजवळ एका रंगाचा होतो आणि गालावर विटा दिसायला लागतात. ताईंच्या फोटोत तेच झालं होतं.

मग फॉर्मला खरंच केवढा फोटो हवा असतो? हे बहुतेकजणी वाचतच नाहीत. फोटो टाकायच्या बटणाजवळ बारीक अक्षरात एक ओळ असते. आपल्या राज्याच्या ‘आपले सरकार’ पोर्टलचं उदाहरण घेऊ. तिथे नोंदणी करताना मागतात तो फोटो जेपीईजी, रुंदी १६० पिक्सेल, उंची २०० ते २१२ पिक्सेल, वजन ५ ते २० केबी. या ओळी बदलू शकतात, म्हणून ज्या दिवशी फॉर्म भराल त्या दिवशी समोर जे लिहिलं असेल ते खरं धरायचं. पण या आकड्यांकडे जरा नीट पाहा, त्यात एक गुपित आहे.

स्टुडिओतला पासपोर्ट फोटो ३५ मिलीमीटर रुंद आणि ४५ मिलीमीटर उंच असतो. त्याची रुंदी १६० ठिपके केली तर उंची आपोआप किती येते? २०६. म्हणजे २०० आणि २१२ च्या बरोबर मध्ये. म्हणून फोटोला आडवा-उभा ताणायची गरजच पडत नाही. पासपोर्टच्या मापात कापलेला फोटो रुंदीने १६० केला की उंची आपसूक बसते.

आणि १६० गुणिले २०६ म्हणजे सुमारे तेहतीस हजार ठिपके. ताईंच्या फोटोत पंचवीस लाख होते, पंचाहत्तर पटींहून जास्त. तेहतीस हजार ठिपक्यांसाठी वीस केबी हा भरपूर गोळा आहे. त्यात उरतंसुद्धा.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी कापायचं, मग माप लहान करायचं, आणि सगळ्यात शेवटी वजन. दुकानदाराने पहिली पायरी केली, दुसरी गाळली आणि तिसरीवर सगळा जोर लावला.

ताईंना मी म्हटलं, हा खराब झालेला फोटो आता बाजूला ठेवा. एकदा टाकून दिलेला तपशील परत येत नाही. यालाच पुन्हा लहान-मोठा करत बसलो तर तो आणखी बिघडेल. स्टुडिओतल्या मूळ फोटोची फाइल कुठे आहे? ती त्यांच्याकडे नव्हती. छापलेले आठ फोटो होते, आणि व्हॉट्सअॅपवर आलेला एक. आता व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो वाटेतच हलका होतो, हे तुम्ही ध्यानात ठेवा. स्टुडिओवाल्याला सांगायचं की दादा, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग तो जसाच्या तसा येतो. ताईंच्या स्टुडिओवाल्या दादांनी फाइल पुसून टाकली होती. मग आम्ही नवाच फोटो काढायचं ठरवलं, घरीच.

इथे थोडं थांबते, कारण फोटो लहान झाल्यावर स्पष्ट राहणार की नाही, हे निम्मं इथेच ठरतं.

आमच्या शेजारच्या घराला नुकताच पांढरा चुना दिला होता. त्या भिंतीपुढे ताईंना उभं केलं, पण भिंतीला चिकटून नाही. दोन-तीन हात पुढे, म्हणजे मागे सावली पडत नाही. वेळ सकाळची नऊची. ऊन अंगावर नको, पण उजेड समोरून हवा, म्हणून ओसरीच्या सावलीत अंगणाकडे तोंड करून. ताईंनी आधी पांढरी साडी नेसली होती. ती भिंतीत मिसळून जात होती, खांदे कुठे संपतात तेच कळेना. म्हणून गडद निळी साडी, बिनफुलांची. मोबाइल त्यांच्या मुलीच्या हातात, पाच-सहा फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्याने. सेल्फी नको. हात लांब करून जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं, आणि पुढच्या कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत करायची सोय बऱ्याच मोबाइलमध्ये आपोआप चालू असते. त्या गुळगुळीत करण्यात पापण्या, भुवयांचे केस, सगळं पुसलं जातं. तेच तर आपल्याला हवं आहे.

साधी भिंत कशासाठी, ते सांगते. ती नुसती नियमासाठी नाही. फुलाफुलांचा पडदा मागे असेल तर वीस केबीतलं निम्मं पीठ त्या फुलांनाच लागतं आणि चेहऱ्याच्या वाट्याला उरलेलं येतं. पांढऱ्या भिंतीला फारसं काहीच लागत नाही. अंधाराचंही तसंच. कमी उजेडात काढलेल्या फोटोत रव्यासारखे दाणे येतात. आपल्याला ते घाण वाटतात, पण मोबाइलला तो तपशीलच वाटतो आणि तो त्यावर जागा खर्च करतो. म्हणून रात्री बल्बखाली काढलेला फोटो लहान केला की हमखास कच्चा निघतो.

मुलीने चार फोटो काढले. त्यातला कोणता घ्यायचा, तर बोटांनी डोळ्यापाशी मोठा करून पाहायचं. पापण्यांचे केस सुटे दिसले तर तो फोटो चालेल. इथेच पुसट असेल तर पुढे काहीही करा, तो स्पष्ट होणार नाही. चारातले दोन हलले होते, एकात डोळे मिटले होते. चौथा घेतला.

आता कापणं. गॅलरीत फोटो उघडून ‘एडिट’मध्ये गेलं की कापायची चौकट येते. डोक्याच्या वर बोटभर जागा, खाली खांद्यांच्या थोडं खालपर्यंत, दोन्ही बाजूला खांदे मावतील एवढं. चेहरा चौकटीत मोठा यायला हवा. काही बायका कंबरेपर्यंतचा फोटो ठेवतात, साडी छान दिसते म्हणून. पण उंचीचे सगळे मिळून दोनशे सहाच ठिपके आहेत. चेहऱ्याच्या वाट्याला त्यातले सव्वाशे-दीडशे आले तर डोळे-नाक नीट उठून दिसतं. कंबरेपर्यंतच्या फोटोत चेहऱ्याला साठ-सत्तरच मिळतात आणि मग तो पुसटच दिसणार. त्यात केबीचा काही दोष नसतो.

चौकटीची रुंदी सात भाग तर उंची नऊ भाग, अशा अंदाजाने ठेवायची. अंदाज चुकला तरी काळजी नको, पुढच्या पायरीत ते कळतंच. कापलेला फोटो ‘कॉपी’ म्हणून सेव्ह करायचा, म्हणजे मूळ फोटो तसाच राहतो. ताईंचा कापलेला फोटो १४०० बाय १८०० झाला आणि वजन भरलं साधारण नऊशे केबी.

आता माप आणि वजन. यासाठी दुकानात अॅप शेकड्याने आहेत, पण मी ती टाळते. जाहिराती मध्येमध्ये येतात, आणि काही अॅप तुमचा फोटो आधी त्यांच्या संगणकावर पाठवतात, तिथे लहान करतात आणि मग परत देतात. आपल्या लेकीसुनांचे फोटो कुणाच्या संगणकावर कशाला पाठवायचे? मी वापरते ती एक फुकट वेबसाइट आहे. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये वर पत्ता टाकायचा squoosh.app. ही गूगलच्या क्रोमवर काम करणाऱ्या मंडळींनी बनवलेली आहे, आणि ती फोटो बाहेर पाठवत नाही, सगळं काम तुमच्याच मोबाइलमध्ये होतं. नाव, पासवर्ड काही विचारत नाही. मोबाइल नंबर विचारला तर समजा की पत्ता चुकलात.

पान उघडलं की फोटो निवडायचा. मग पडद्याचे दोन भाग होतात. एका भागात मूळ फोटो आणि दुसऱ्यात बदललेला, मध्ये सरकवता येणारी रेघ. बदललेल्या बाजूच्या खान्यात Resize असं लिहिलेलं असतं, ते चालू करायचं. खाली Width आणि Height असे दोन आकडे येतात. Maintain aspect ratio पुढची खूण आहे तशीच राहू द्यायची, तिला हात लावायचा नाही. Width मध्ये १६० टाकायचं. आकडे इंग्रजी कळफलकावरून टाका, नाहीतर ते घेणार नाही. उंची आपोआप बदलते. ताईंच्या फोटोत ती आली २०६.

इथेच तुमच्या कापण्याची परीक्षा होते. उंची २४० आली तर समजायचं की चौकट फार लांबट कापली, मागे जाऊन वरून-खालून थोडं काढायचं. १८० आली तर चौकट फार रुंद झाली, दोन्ही बाजूंनी काढायचं. पण घाईघाईत ती खूण काढून टाकून स्वतःच्या हाताने २०६ लिहू नका. मग फोटो रबरासारखा ताणला जातो आणि चेहरा लांबोडका किंवा चपटा होतो. फॉर्म तो घेईल, कारण त्याला आकडेच कळतात. पण पुढे तपासणारा माणूस चेहरा पाहतो, आणि तो आधार कार्डाशी जुळला नाही तर तुमचा अर्ज परत.

त्याखाली Compress चा खाना आहे. तिथे MozJPEG लिहिलेलं असतं, तेच हवं. Quality नावाची एक पट्टी आहे, ती आधी ७५ वर असते. आणि खाली कोपऱ्यात वजन दिसतं. ताईंच्या फोटोचं वजन तिथे दिसलं सहा केबीच्या आसपास. म्हणजे वीसच्या मर्यादेत चौदा केबी नुसते पडून! मग मी पट्टी सरकवून ९० वर नेली. वजन बारा केबीच्या आसपास गेलं आणि केसांची कड, नाकाची रेघ अधिक स्वच्छ झाली. ९५ वर नेऊन पाहिलं, वजन आणखी वाढलं, पण डोळ्याला फरक दिसेना. म्हणून ९० वर आणून थांबले.

मर्यादा वीसची आहे म्हणून अगदी साडेएकोणीसपर्यंत भरायचा हट्ट करू नका. केबी मोजायच्या दोन रीती आहेत. कुणी हजाराचा एक केबी धरतं, कुणी एक हजार चोवीसचा. तुमच्या मोबाइलला एक दिसतं, पोर्टलला जरा वेगळं. सतरा-अठराच्या आत राहिलात तर ही भानगड उरत नाही.

मग खालचं डाउनलोडचं बटण दाबायचं. फाइलचं नाव साधं इंग्रजी ठेवायचं, मध्ये मोकळी जागा, टिंबं किंवा मराठी अक्षरं नको. काही पोर्टल तेवढ्यावरूनही फाइल नाकारतात. photo160.jpg असं काहीतरी पुरे.

आता तो फोटो मोबाइलवर उघडून ताई घाबरल्याच. म्हणाल्या, “अगं, हा तर फुटकासाच दिसतोय!” बरोबर आहे, कारण मोबाइल तो एवढासा फोटो पडदाभर ताणून दाखवतो. तेहतीस हजार ठिपके पडदाभर पसरले तर विरळ दिसणारच. तसा तपासायचा नाही. तो बोटाच्या दोन पेरांएवढा, फॉर्मच्या चौकटीत दिसतो तेवढा करून पाहायचा. तेवढ्या आकारात डोळ्यातला काळा-पांढरा भाग वेगळा दिसतो का, कपाळावरची टिकली गोल दिसते का, केस आणि भिंत यांच्यामध्ये कड स्वच्छ आहे का, एवढं पाहायचं. ताईंची टिकली गोल दिसत होती. दुकानातल्या फोटोत ती गालावरच्या विटांमध्ये हरवली होती.

केसांच्या कडेला पांढरी प्रभावळ दिसली तर ते मात्र वाईट. बहुतेक वेळा कुणीतरी फोटो स्पष्ट करण्याच्या नादात ‘शार्पन’ फार वाढवलेलं असतं. ते करायचंच असेल तर लहान केल्यानंतर, आणि अगदी चिमूटभर, मिठासारखं. मला तर क्वचितच लागतं.

काहीजणींकडे मोबाइलवर हे जमत नाही, पण गटाच्या कार्यालयात संगणक आहे. तिथे विंडोजमधला साधा पेंट पुरतो. फोटो उघडायचा, कापायचा, Resize दाबून Pixels निवडायचं, Maintain aspect ratio ची खूण राहू द्यायची, आडव्या खान्यात १६० टाकायचं आणि जेपीईजी म्हणून दुसऱ्या नावाने सेव्ह करायचं. पेंटमध्ये वजन कमी-जास्त करायची पट्टी नाही, पण एवढ्या लहान मापाचा फोटो बहुतेक वेळा वीस केबीच्या आतच येतो. म्हणजे पाहा, माप बरोबर केलं की वजन अर्धंअधिक आपणहून सुटतं.

आता उलटी अडचण. बँकेच्या नोकरीची परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था फोटो मागते २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी. गावातली एक मुलगी माझ्याकडे आली. तिचा फोटो व्हायचा चौदा केबी आणि फॉर्म म्हणायचा की फाइल लहान आहे. ती म्हणाली, “काकू, आता वजन वाढवायचं कसं?” Quality ची पट्टी वर सरकवायची, एवढंच. तिच्या फोटोला ९६ वर नेल्यावर तेवीस केबी झाले. मात्र आधीच ५० वर सेव्ह झालेला फोटो पुन्हा उघडून ९६ वर सेव्ह केला तर वजन वाढतं, पण स्पष्टपणा वाढत नाही, त्याच विटा जास्त पीठ घेऊन बसतात. म्हणून कापलेल्या मोठ्या फोटोपासूनच पुन्हा सुरू करायचं. आणि या फोटोची ठेवण पासपोर्टपेक्षा रुंद आहे, त्यामुळे पासपोर्टच्या मापात कापलेला फोटो इथे बसत नाही. मूळ फोटोतून पुन्हा कापावा लागतो, बाजूला थोडी भिंत जास्त ठेवून.

ज्यांच्याकडे फक्त छापलेला फोटो आहे आणि नवा काढता येत नाही, आजारी माणूस आहे किंवा माणूस परगावी आहे, त्यांच्यासाठी सांगते. फोटो दाराजवळ सावलीत सपाट ठेवा, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोच्या बरोबर वर आडवा धरा, फोटो चौकटीत जेवढा मोठा मावेल तेवढा घ्या. चकचकीत कागदावर चमक येते, ती जाईपर्यंत जागा बदला. एका कोपऱ्याकडून तिरका काढलात तर एक खांदा मोठा, एक लहान दिसतो. एवढं करूनही तो नव्या फोटोइतका चांगला येत नाही, पण १६० ठिपक्यांपुरता पुष्कळदा चालून जातो.

अजून एक, पीएनजी फाइलचं नाव बदलून शेवटी .jpg लिहिलं म्हणजे ती जेपीईजी होत नाही. हा सल्ला मला एका शहाण्याने दिला होता. पोर्टल आत डोकावून पाहतं आणि नाकारतं. मघाशी सांगितलेल्या वेबसाइटवर किंवा पेंटमध्ये जेपीईजी म्हणून सेव्ह केलं तरच ती खरी बदलते. मोबाइलवर काढलेला स्क्रीनशॉट बऱ्याचदा पीएनजीच असतो, म्हणून स्क्रीनशॉट वापरायचाच नाही.

ताईंचा अर्ज आम्ही त्याच दिवशी दुपारी पुन्हा भरला. फोटो पहिल्या फटक्यात चढला. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दाखला आला. त्यावरचा फोटो मी पाहिला, टिकली गोल होती.

आता ताईंच्या मोबाइलमध्ये ‘फोटो फॉर्म’ नावाचं फोल्डर आहे. त्यात तीन फाइल आहेत, मूळ मोठा फोटो, पासपोर्टच्या मापात कापलेला आणि १६० चा. नवा फॉर्म आला की त्या आधी फोटोच्या बटणाजवळची बारीक ओळ वाचतात, आकडे कागदावर लिहितात आणि माप वेगळं असेल तर मूळ मोठा फोटो घेऊन बसतात. गेल्या महिन्यात गटातल्या आणखी चौघींचे फोटो त्यांनीच करून दिले. एकीचा मात्र पुन्हा काढावा लागला, कारण तिने फुलाफुलांच्या पडद्यापुढेच काढायचा हट्ट धरला होता.